सळ्या दुसऱ्याच्या बुडाल्या, पैसे तुम्ही का द्यायचे? जनरल ॲव्हरेजची नोटीस आल्यावर

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने शांघायहून चार कोटींचं मशीन मागवलं आहे. जहाज मुंबई बंदरात लागलं, मशीनला ओरखडाही नाही. सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणारा एजंट, माल सोडवण्याची डिलिव्हरी ऑर्डर घ्यायला जातो तर शिपिंग एजंट सांगतो, "ऑर्डर मिळणार नाही, जनरल ॲव्हरेज डिक्लेअर झालंय. आधी बाँड आणि गॅरंटी आणा." वाटेत जहाज खडकावर अडकलं होतं आणि ते सुटावं म्हणून कुणाच्या तरी सळ्या समुद्रात टाकल्या, त्यात आता आपलाही वाटा आहे, एवढंच पुण्याच्या ऑफिसात कळतं.

आयात विभागात नव्याने लागलेला माणूस इथे दोन चुका करतो. एक तर "आमचा माल सुखरूप आहे, आमचा संबंध नाही" असं उत्तर पाठवून मोकळा होतो. नाहीतर घाबरून एजंट मागेल तेवढी रक्कम भरून टाकतो. दोन्ही टाळायच्या असतील तर हा हिशेब कसा बसतो ते आधी समजून घ्यायला हवं, म्हणून आधी हिशेब आणि मग कागदपत्रं.

ॲव्हरेज म्हणजे सरासरी नव्हे

सागरी विम्यात ॲव्हरेज या शब्दाचा अर्थ नुकसान. एकाच मालकाचं, अपघाताने झालेलं नुकसान म्हणजे पर्टिक्युलर ॲव्हरेज, आणि ते ज्याचं त्याने सोसायचं. सगळ्यांना वाचवण्यासाठी जाणूनबुजून एकाचं केलेलं नुकसान किंवा केलेला जादा खर्च म्हणजे जनरल ॲव्हरेज, आणि तो जहाजासकट सगळ्यांनी वाटून घ्यायचा. प्रथा फार जुनी आहे. जहाज हलकं करण्यासाठी माल फेकला तर भरपाई सगळ्यांनी मिळून करावी, हा ऱ्होड्स बेटाचा दंडक म्हणून रोमन कायद्याच्या संकलनात नोंदवलेला आहे. आपल्याकडे त्याची व्याख्या सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या कलम ६६ मध्ये आहे. प्रत्यक्ष हिशेब मात्र यॉर्क-अँटवर्प नियमांनी होतो. हे नियम म्हणजे कुठल्या देशाचा कायदा नाही. बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या दस्तात, ज्याला बीएल म्हणतात, त्यांचा उल्लेख असतो म्हणून ते लागू होतात. ताजी आवृत्ती २०१६ ची आहे, पण अनेक बीएलमध्ये अजून १९९४ ची असते. त्यामुळे नोटीस हातात आली की बीएलच्या मागची बारीक अक्षरं वाचून आवृत्ती कोणती ते आधी लिहून ठेवा. व्याजासारख्या गोष्टींत दोन्हींत फरक पडतो.

जहाजावर नेमकं काय घडलं

आपल्या उदाहरणातलं जहाज स्वतःच्या क्रेन असलेलं साधं मालवाहू जहाज आहे. त्यात भोसरीचं मशीन, दुसऱ्या एका आयातदाराच्या ९०० टन लोखंडी सळ्या आणि इतर बऱ्याच जणांचा माल आहे. वाटेत जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खडकाळ उथळावर चढली. हवा बिघडत होती, आणि पुढच्या भरतीला जहाज सुटलं नसतं तर लाटांनी आपटून तळ फुटण्याची भीती खरी होती.

कप्तानाने सर्वात पुढच्या, एक नंबरच्या होल्डचं, म्हणजे माल ठेवायच्या तळघराचं, झाकण उघडलं आणि तीन-तीन टनांचे सळ्यांचे शंभर बंडल क्रेनने उचलून एकेक करून पाण्यात सोडले. ३०० टन वजन नाळेवरून उतरलं, नाळ हलकी झाली, मदतीला बोलावलेल्या टगने, म्हणजे ओढणाऱ्या बोटीने, भरतीच्या वेळी मागे ओढलं आणि जहाज सुटलं.

सळ्याच का टाकल्या, याचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण कप्तानाचा निर्णय वाजवी होता का हे त्यावरून तपासलं जातं. सळ्या अडकलेल्या भागावर होत्या, क्रेनच्या एका फेरीत जास्तीत जास्त वजन कमी होत होतं, आणि टनामागे त्यांची किंमत कमी होती. मशीन फेकलं असतं तर वजन थोडं उतरलं असतं आणि नुकसान चार कोटींचं झालं असतं.

टाकलेला माल जनरल ॲव्हरेजमध्ये येण्यासाठी धोका खरा आणि सगळ्यांवरचा असावा लागतो, कृती जाणूनबुजून आणि वाजवी असावी लागते, आणि नुकसान किंवा खर्च नेहमीच्या प्रवासातला नसावा लागतो. शिवाय शेवटी काहीतरी वाचलेलं असावं लागतं. सळ्या टाकूनही जहाज सगळ्या मालासकट बुडालं असतं तर वर्गणी द्यायला कुणाकडे काही उरलंच नसतं, कारण वर्गणी प्रवास संपतो तिथल्या, त्या वेळच्या किमतीवर बसते.

आता त्याच प्रवासातली बाकीची नुकसानं पाहा, कारण गोंधळ इथेच होतो. खडकावर आदळल्याने तळाचे पत्रे चेपले, तर ते अपघाती नुकसान, जहाजमालकाचं एकट्याचं. पण अडकलेलं जहाज सोडवायला इंजिन जाणूनबुजून ताणून चालवलं आणि त्यात इंजिनाची मोडतोड झाली, तर ती जनरल ॲव्हरेजमध्ये येते. सळ्या काढताना होल्ड उघडा होता, पाऊस आणि लाटांचं पाणी आत गेलं आणि खालचे कागदाचे रोल भिजले, तर तेही जनरल ॲव्हरेज, कारण झाकण उघडलं ते सगळ्यांना वाचवण्यासाठी. आदल्या रात्री डेकवरचा माल लाटेने आपोआप वाहून गेला असेल, तर तो समुद्राने नेला, कुणी टाकला नाही, म्हणून तो वाटणीत येत नाही. आणि जहाज आठ दिवस उशिरा आलं म्हणून तुमची ऑर्डर गेली, बाजारभाव पडला, हे नुकसान कितीही खरं असलं तरी नियमांनी ते सरळ बाहेर ठेवलेलं आहे.

डेकवरच्या मालाबद्दल एक अट आहे. तो माल डेकवर नेण्याची त्या व्यापारात मान्य रीत असेल तरच टाकल्यावर भरपाई मिळते. कंटेनर जहाजावर डेकवरचा कंटेनर ही मान्य रीत आहे. होल्डमध्ये जायला हवी होती अशी पेटी सोयीसाठी डेकवर बांधली असेल तर वाद होतो.

हिशेब

हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाला ॲव्हरेज ॲडजस्टर म्हणतात. त्याला नेमतो जहाजमालक, पण त्याने काम सगळ्यांसाठी निष्पक्षपणे करायचं असतं.

आधी एकूण नुकसान. टाकलेल्या ३०० टन सळ्या टनाला ६०,००० रुपयांनी १ कोटी ८० लाखांच्या. टगचा खर्च १ कोटी. ॲडजस्टरची फी आणि किरकोळ खर्च मिळून ४० लाख. बेरीज ३ कोटी २० लाख.

मग वर्गणीपात्र किमती. मुंबईत पोचलं तेव्हा, चेपलेल्या पत्र्यांची वजावट करून, जहाजाची किंमत ४० कोटी. मालाची किंमत व्यापारी इन्व्हॉइसवरून, विमा आणि भाडं धरून. भाडं आगाऊ भरलेलं आणि परत न मिळणारं आहे, म्हणून ते मालाच्या किमतीतच आलं, वेगळं धरायचं नाही.

| कोण | वर्गणीपात्र किंमत | वाटा (४ टक्के) |
|---|---|---|
| जहाज | ४० कोटी | १ कोटी ६० लाख |
| भोसरीचं मशीन | ४ कोटी | १६ लाख |
| सळ्या (उरलेल्या ३.६० + टाकलेल्या १.८० कोटी) | ५ कोटी ४० लाख | २१ लाख ६० हजार |
| इतरांचा माल | ३० कोटी ६० लाख | १ कोटी २२ लाख ४० हजार |
| एकूण | ८० कोटी | ३ कोटी २० लाख |

३.२० भागिले ८० म्हणजे ४ टक्के, आणि हाच दर सगळ्यांना.

तिसऱ्या ओळीपाशी नवीन माणूस हमखास अडखळतो. टाकलेल्या सळ्या तर समुद्राच्या तळाशी आहेत, मग त्यांच्यावर वर्गणी कशी? त्या धरल्या नाहीत तर सळीवाल्याला टाकलेल्या मालाची किंमत पूर्ण परत मिळेल आणि त्या मालावर त्याला काहीच सोसावं लागणार नाही, बाकी सगळे मात्र आपापल्या मालावर सोसतील. म्हणजे ज्याचा माल टाकला तोच फायद्यात. तसं होऊ नये म्हणून भरपाई मिळणारी रक्कमही त्याच्या किमतीत मिळवतात. परिणाम असा की प्रवास संपल्यावर प्रत्येकाने आपल्या मालमत्तेचे बरोबर चार टक्के गमावलेले असतात, मग माल फेकला गेलेला असो वा वाचलेला. मला या नियमांचा सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

पैसे प्रत्यक्षात कसे फिरतात तेही पाहा. सळीवाल्याचे येणे १ कोटी ८० लाख, देणे २१ लाख ६० हजार, म्हणजे त्याला १ कोटी ५८ लाख ४० हजार मिळायचे. जहाजमालकाने टग आणि इतर खर्चाचे १ कोटी ४० लाख आधीच भरलेत, वाटा १ कोटी ६० लाख, म्हणून तो आणखी २० लाख देणार. मशीनवाला १६ लाख, इतर मालवाले १ कोटी २२ लाख ४० हजार. हे तीन आकडे मिळवले की बरोबर १ कोटी ५८ लाख ४० हजार होतात. ॲडजस्टमेंट हातात आली की ही बेरीज स्वतः करून पाहा, जुळलीच पाहिजे.

तुम्ही काय करायचं

नोटीस आली त्याच दिवशी विमा कंपनीला किंवा ब्रोकरला कळवा. ईमेलमध्ये नोटीस, बीएल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, पॉलिसी किंवा अनेक खेपांना मिळून घेतलेल्या ओपन कव्हरखालचं सर्टिफिकेट आणि ॲडजस्टरचं नाव-पत्ता जोडा. हे पत्र क्लेमच्या रांगेत पडून राहू नये म्हणून विषयातच "जनरल ॲव्हरेज गॅरंटी हवी" असं लिहा. जहाजमालकाला वर्गणीची हमी मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क आहे, आणि त्या काळात बंदरातलं भाडं आणि कंटेनर असेल तर तो उशिरा परत केल्याचा आकार, म्हणजे डिटेन्शन, चढत राहतं. ते तुमच्या खिशातून जातं. ते जनरल ॲव्हरेजमध्येही बसत नाही आणि उशिराचा खर्च म्हणून कार्गो पॉलिसीतही बसत नाही. एरवी चारशे पानांचा टेंडर वेळेवर भरणाऱ्या कंपन्याही या एका ईमेलला आठवडा लावतात.

मग तीन कागद. पहिला ॲव्हरेज बाँड. मी माझा रीतसर निघणारा वाटा देईन, असं माल घेणारा त्यात लिहून देतो. सही ज्याच्याकडे बीएल आहे त्याची, सीएचएची नव्हे. दुसरा व्हॅल्युएशन फॉर्म, त्यात मालाची किंमत भरून इन्व्हॉइसची प्रत जोडायची. इन्व्हॉइस एफओबी, म्हणजे भाडं-विमा न धरता, असेल तर भाडं आणि विमा वेगळा दाखवा. तिसरा ॲव्हरेज गॅरंटी, जी तुमची विमा कंपनी देते. हे तिन्ही पोचले की ॲडजस्टर शिपिंग एजंटला माल सोडायला कळवतो. एजंट आणि ॲडजस्टर वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. कागद एजंटच्या काउंटरवर देऊन परत आलात तर दोन दिवस तिथेच जातात. थेट ॲडजस्टरला पाठवा आणि एजंटला प्रत द्या.

विमाच नसेल तर गॅरंटीऐवजी रोख डिपॉझिट भरावं लागतं. सुरुवातीला ॲडजस्टरला अंतिम आकडा माहीत नसतो, म्हणून तो अंदाजाने आणि हात राखून टक्का ठरवतो. आपल्या उदाहरणात त्याने आठ टक्के मागितले तर मशीनवाल्याला ३२ लाख भरावे लागतील, आणि अंतिम वाटा १६ लाखच ठरला तर उरलेले पुढे परत येतील. ३२ लाख तोपर्यंत अडकलेले राहतात. आणि आकडा किती चढू शकतो? मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात मर्स्क होनाम या कंटेनर जहाजाला आग लागली, तेव्हा मालवाल्यांकडे साल्व्हेजसाठी, म्हणजे जहाज आणि माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी, मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी ११.५ टक्के, मिळून ५४ टक्के सुरक्षा रक्कम मागितली गेली होती. तिथे दिसतं तसं साल्व्हेजची हमी वेगळी मागितली जाते. नोटिशीत दोन्ही आहेत का ते पाहून विमा कंपनीला दोन्ही एकदमच मागा, नाहीतर एक कागद देऊनही माल अडकून राहतो.

एलसीएल माल असेल, म्हणजे एका कंटेनरमध्ये अनेकांच्या पेट्या असतील, तर एक जादा अडचण येते. कंटेनरमधल्या सगळ्यांची हमी आल्याशिवाय तो बहुधा सुटत नाही. तुमचे कागद पहिल्या दिवशी पोचले तरी दुसऱ्या कुणीतरी चालढकल केली तर तुम्हीही थांबता. अशा वेळी सगळ्यांचा माल एकत्र करणाऱ्या कन्सॉलिडेटरकडून कुणाचे कागद बाकी आहेत ते रोज विचारत राहणं एवढंच हातात असतं.

माल ताब्यात घेताना ओला, चेपलेला दिसला तर पेटी उघडण्याआधी सर्व्हेअर बोलवा आणि त्याच्याकडून नुकसानाचं कारण लिहून घ्या. सळ्या काढताना उघड्या झाकणातून आलेल्या पाण्याने भिजलं की आधीच गळतीने, यावर ते नुकसान वाटणीत जाईल की नाही हे ठरतं. शिवाय अपघाती नुकसान झालं असेल तर पोचलेल्या मालाची किंमत घटते आणि तुमचा वाटाही त्या प्रमाणात कमी होतो. जनरल ॲव्हरेजमधल्या आपल्या नुकसानाची लेखी मागणी प्रवास संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ॲडजस्टरकडे पोचायला हवी.

विमा किती देतो

मालाच्या विम्याच्या प्रमाणित अटी म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस. त्यांच्या ए, बी आणि सी या तिन्हींत जनरल ॲव्हरेजची वर्गणी आणि साल्व्हेज आहे. "आमची पॉलिसी सी क्लॉजची, स्वस्तातली" म्हणून गप्प बसू नका. सीआयएफ, म्हणजे किंमत, विमा आणि भाडं मिळून केलेल्या, खरेदीत विकणारा बहुधा हाच किमान विमा घेतो, आणि तो इथे पुरतो. समुद्रात टाकलेला मालही तिन्हींत येतो. अपवाद एवढाच की संकटाचं कारण पॉलिसीतून वगळलेलं नसावं. युद्धाच्या धोक्यातून उद्भवलेल्या जनरल ॲव्हरेजला वॉर क्लॉज घेतलेला असावा लागतो.

विम्याची रक्कम कमी असेल तर मात्र फटका बसतो. मशीनचा विमा रिवाजाप्रमाणे सीआयएफच्या ११० टक्क्यांनी, म्हणजे ४ कोटी ४० लाखांचा असेल, तर १६ लाख पूर्ण मिळतील. प्रीमियम वाचवण्यासाठी ३ कोटींचाच घेतला असेल तर कंपनी प्रमाणात, म्हणजे १२ लाख देईल आणि ४ लाख तुमच्या अंगावर. गॅरंटी देताना कंपनी त्या फरकासाठी तुमच्याकडून वेगळी हमी किंवा रक्कमही मागते.

इन्व्हॉइसमध्ये किंमत कमी दाखवण्याची सवय असलेल्यांना नियम त्याहून कडक आहेत. खऱ्या किमतीपेक्षा कमी किंमत जाहीर केलेला माल टाकला गेला तर भरपाई जाहीर किमतीवर मिळते, आणि वाचला तर वर्गणी खऱ्या किमतीवर द्यावी लागते. मुद्दाम चुकीचं वर्णन देऊन चढवलेला माल टाकला तर भरपाई अजिबात नाही, वाचला तर वर्गणी आहेच.

आणि तुम्हीच सळीवाले असाल तर? ॲडजस्टमेंट होईपर्यंत थांबायची गरज नाही. टाकलेल्या मालाचा पूर्ण क्लेम आपल्या विमा कंपनीकडून लगेच घ्या, हे कलम ६६ मध्येच आहे. इतरांकडून वर्गणी वसूल करण्याचा हक्क मग कंपनीकडे जातो.

कप्तानाच्या चुकीने जहाज खडकावर चढलं तरी वाटणी होते. जहाज मुळात प्रवासाला लायकच नव्हतं असा पुरावा असेल तर मालवाले वर्गणी नाकारू शकतात, पण तो वाद विमा कंपनीच्या वकिलांनी लढायचा. तुम्ही बाँड न देता भांडत बसलात तर माल बंदरातच राहील. बाँडमध्ये "रीतसर निघणारा वाटा" असे शब्द असतात, त्यामुळे सही केल्याने हा आक्षेप जात नाही.

अंतिम ॲडजस्टमेंट यायला मोठ्या प्रकरणात काही वर्षं लागतात. तोवर माणसं बदलतात, फाइल कपाटात जाते. बाँडची प्रत, व्हॅल्युएशन फॉर्म आणि डिपॉझिट भरलं असेल तर त्याची मूळ पावती अकाउंट्सकडे जपून ठेवायला द्या, कारण परतावा मागताना तीच मूळ पावती मागतात. २०१६ च्या नियमांत वर्गणी मागण्याची मुदत ॲडजस्टमेंटच्या तारखेपासून एक वर्ष आणि प्रवास संपल्यापासून जास्तीत जास्त सहा वर्षं. ही दुसरी तारीख त्या फाइलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.